रजेच्या अर्जाचे पहिले वाक्य: ‘विनंती करण्यात येते की…’

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे. तिने मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिला. त्याचे पहिले वाक्य असे होते: ‘महोदय, वरील विषयास अनुसरून आपणास नम्र विनंती करण्यात येते की, मी आपल्या शाळेत इयत्ता आठवी ब मध्ये शिकत असून मला कालपासून ताप आल्यामुळे शाळेत येऊ शकत नाही.’ वर्गशिक्षकांनी या वाक्याखाली रेघ ओढून ‘वाक्यरचना तपासा’ एवढेच लिहिले. आम्ही सगळ्यांनी शाळेत असेच लिहिले आहे. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे की चूक?

उत्तर:

या वाक्यातील सुटे शब्द आणि त्यांची रूपे जवळजवळ सगळी बरोबर आहेत. विभक्ती बरोबर आहेत, ‘विनंती करण्यात येते’ यात क्रियापदाचा मेळही बरोबर आहे. तरीही वाक्य निर्दोष नाही, कारण ‘विनंती’ आणि ‘की’नंतरचा मजकूर यांचा सांधा जुळत नाही. दोष त्या एका ठिकाणी आहे. बाकी ज्या गोष्टी आहेत त्या कच्च्या आहेत, पण त्यांना चूक म्हणता येणार नाही. वर्गशिक्षकांनी रेघ ओढली ते योग्यच केले, मात्र दोष कुठे आहे हे त्यांनी दोन शब्दांत लिहिले असते तर मुलीला उपयोग झाला असता. सव्वीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवताना हे वाक्य मी शेकडो वेळा तपासले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शालेय व्याकरणात ‘की’ला स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतात. आधीच्या वाक्यात जी गोष्ट नुसती नावाने सांगितलेली असते, तिचे स्वरूप ‘की’नंतरचे वाक्य उलगडून दाखवते. ‘तो म्हणाला की’ असे लिहिले तर पुढे त्याचे म्हणणे आले पाहिजे, ‘मला शंका आहे की’ असे लिहिले तर पुढे शंका आली पाहिजे. त्याच न्यायाने ‘विनंती करते की’ असे लिहिले तर पुढे विनंती आली पाहिजे. तुमच्या मुलीच्या वाक्यात ‘की’नंतर काय आले आहे ते पाहा: मी आठवीत शिकते, मला ताप आला आहे, मी शाळेत येऊ शकत नाही. या तिन्ही गोष्टी माहिती म्हणून ठीक आहेत, पण यांपैकी एकही विनंती नाही. मुख्याध्यापकांनी काय करावे हे वाक्य संपेपर्यंत येतच नाही.

हे कानाने तपासण्याची एक सोपी रीत आहे आणि मी वर्गात तीच वापरत असे. मराठीची स्वाभाविक ठेवण अशी आहे की, सांगायचा मजकूर आधी येतो आणि तो ‘असे’, ‘अशी’ किंवा ‘असा’ या शब्दाने पुढच्या क्रियापदाला जोडला जातो. म्हणून ‘की’ काढून टाकावा आणि वाक्य उलटे करावे. ‘मला तीन दिवसांची रजा मिळावी, अशी विनंती करते’ हे लगेच पटते. ‘मला ताप आल्यामुळे मी शाळेत येऊ शकत नाही, असे कळवते’ हेही पटते. आता मूळ वाक्य तसेच उलटे करून मोठ्याने म्हणा: ‘मला ताप आल्यामुळे मी शाळेत येऊ शकत नाही, अशी विनंती करते.’ सहावीतले मूलही येथे थांबते आणि ‘हे बरोबर वाटत नाही’ म्हणते. ‘की’ची रचना लांब असल्यामुळे ‘विनंती’ हा शब्द वाक्याच्या शेवटाकडे येईपर्यंत विसरला जातो आणि दोष झाकला जातो. ‘अशी’ची रचना दोन्ही गोष्टी शेजारी आणून बसवते आणि दोष उघडा पडतो.

विनंतीची खूण क्रियापदाच्या रूपातही दिसते. ‘येऊ शकत नाही’, ‘शिकत आहे’, ‘ताप आला आहे’ ही रूपे स्वार्थी आहेत, म्हणजे जे आहे ते ती सांगतात. विनंतीसाठी विध्यर्थ लागतो: ‘मिळावी’, ‘द्यावी’, ‘मंजूर करावी’. म्हणून ‘विनंती करते की’ या शब्दांनंतरच्या वाक्याचे मुख्य क्रियापद ‘-आवा, -आवी, -आवे’ या थाटाचे आहे का, एवढे पाहिले तरी पुरते. हे रूप लिहिताना मुले आणखी एक चूक करतात. ‘मला रजा मंजूर करावे’ असे ती लिहितात. ‘आपण मला रजा मंजूर करावी’ हा कर्मणी प्रयोग आहे, त्यामुळे क्रियापद ‘रजा’ या कर्माप्रमाणे स्त्रीलिंगी झाले पाहिजे. ‘मला रजा मिळावी’ यात तर ‘रजा’ हाच कर्ता आहे. दोन्हीकडे ‘-आवी’च येते.

आता तुमच्या मनात येईल की, हे वाक्य इतक्या पिढ्या चालत आले आहे तर ते चूक कसे? हा प्रश्न रास्त आहे. अठराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहार पाहिला तर ‘विनंती ऐसीजे’ अशी सुरुवात जागोजागी आढळते, आणि तिच्यापुढे पुष्कळदा नुसती हकीकत असते: अमुक गावी पोहोचलो, तमुक वर्तमान कळले. ‘विज्ञापना ऐसीजे’ हे तिचेच भावंड. ‘विनंती’ हा शब्द संस्कृत ‘विज्ञप्ति’वरून आलेला आहे आणि ‘विज्ञप्ति’ म्हणजे कळवणे, निवेदन करणे. लहानाने मोठ्याला अदबीने जे कळवायचे ते सगळे त्या काळच्या ‘विनंती’त मावत होते, मग ती बातमी असो की मागणी. त्या अर्थाने पाहिले तर ‘विनंती की, मला ताप आला आहे’ हे वाक्य त्या काळच्या मराठीत खटकले नसते.

पण आज ‘विनंती’ हा शब्द आकसला आहे. आज विनंती म्हणजे फक्त मागणे. ‘मी तुम्हाला विनंती करतो’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा पुढच्या मागणीची वाट पाहतो, बातमीची नव्हे. शब्दाचा अर्थ बदलला आणि साचा मात्र तसाच राहिला, म्हणून सांधा निसटला. जुन्या दाखल्याने आजच्या अर्जातले वाक्य सावरता येत नाही.

दुसरे कारण शेजारच्या भाषांत आहे, असे माझे मत आहे. आपली मुले हिंदी पत्रलेखनात ‘सविनय निवेदन है कि मैं आपके विद्यालय में कक्षा आठ की छात्रा हूँ’ असे पाठ करतात. तिथे ‘निवेदन’ आहे, म्हणून पुढे माहिती आली तरी काही बिघडत नाही. इंग्रजी अर्जातल्या जुन्या ‘आय बेग टु स्टेट दॅट’ या सुरुवातीतही ‘दॅट’ हा ‘स्टेट’ला, म्हणजे सांगण्याला, लागून येतो, ‘बेग’ ही त्याच्या आधीची नम्रता आहे. मराठीत आणताना निवेदनाचा शब्द गळाला, नम्रतेचा ‘विनंती’ शब्द उरला आणि ‘की’ त्याला चिकटला. ज्यांना ‘की’ची मांडणी आवडते त्यांनी ‘आपणास नम्रपणे कळवते की’ असे लिहावे. मग पुढे माहिती खुशाल यावी.

दुसरा मुद्दा कर्त्याचा. ‘मी … शिकत असून मला कालपासून ताप आल्यामुळे शाळेत येऊ शकत नाही’ यात ‘येऊ शकत नाही’चा कर्ता कोण? काटेकोर पाहिले तर ‘मी’. तो वाक्याच्या आरंभी एकदा आला आहे, ‘शिकत असून’ हे कृदन्त त्याचेच आहे आणि शेवटचे क्रियापदही त्याचेच आहे. म्हणून हा भाग व्याकरणाने उभा राहतो. पण तो डळमळीत आहे, कारण मध्ये ‘मला ताप आल्यामुळे’ हे पोटवाक्य शिरले आहे आणि त्याचा कर्ता ‘ताप’ आहे. वाचणाऱ्याला ‘शकत नाही’पाशी येऊन मागे वळावे लागते. शिवाय ‘शकत नाही’ हे रूप कर्ता सांगत नाही: मी येऊ शकत नाही, तो येऊ शकत नाही, ती येऊ शकत नाही, सगळीकडे एकच रूप. भविष्यातील ‘शकणार नाही’चेही तसेच. भूतकाळात ‘येऊ शकले नाही’ असे असते तर रूपानेच मुलीकडे बोट दाखवले असते. रूप गप्प असते तेव्हा सर्वनाम लिहिलेच पाहिजे. ‘ताप आल्यामुळे मी शाळेत येऊ शकत नाही’ एवढा एक ‘मी’ घातला की हा भाग पक्का होतो.

विद्यार्थिनीने स्वतः लिहिलेल्या अर्जात हा कच्चेपणा निभावून जातो, कारण आजारी तीच आणि गैरहजर राहणारीही तीच. पालकांच्या अर्जात तो निभावत नाही. एकदा माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचा अर्ज आला होता. त्यात असे वाक्य होते: ‘माझा मुलगा आपल्या शाळेत सहावीत शिकत असून ताप आल्यामुळे तीन दिवस शाळेत येऊ शकणार नाही.’ मी हजेरीपटावर त्या मुलापुढे आजारी म्हणून नोंद केली. मुलगा चौथ्या दिवशी ठणठणीत परत आला. विचारल्यावर कळले की, ताप वडिलांना होता आणि घरची जनावरे पाहायला दुसरे कोणी नसल्यामुळे मुलगा घरी थांबला होता. वडिलांनी खोटे काहीच लिहिले नव्हते. ‘मला ताप आल्यामुळे तो’ हे चार शब्दांचे काम त्यांनी ‘ताप आल्यामुळे’ एवढ्यावर सोडले आणि मी माझ्या समजुतीने मोकळी जागा भरली. तेव्हापासून पालकांच्या अर्जाचा नमुना सांगताना मी ‘तो’ आणि ‘ती’ ही सर्वनामे कधीही गाळू दिली नाहीत.

‘असून’वर मात्र पुष्कळ शिक्षक विनाकारण रेघ ओढतात, म्हणून त्याबद्दल सांगतो. ‘जाऊन’, ‘करून’, ‘बसून’ यांसारख्या ऊन-प्रत्ययाच्या कृदन्ताचा आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता सामान्यतः एकच लागतो. ‘मी घरी जाऊन आई झोपली’ असे आपण म्हणत नाही. हा नियम ‘असून’ला लावून काही जण ‘मुलगी आठवीत शिकत असून तिला ताप आला आहे’ हे वाक्य चूक ठरवतात, कारण पहिला कर्ता मुलगी आणि दुसरा ताप. परंतु लिखित मराठीत ‘असून’ हे कृदन्त आता जवळजवळ ‘आणि’सारखे काम करते आणि कर्ते वेगळे असले तरी ते चालते. वर्तमानपत्रांत, अहवालांत, पाठ्यपुस्तकांत ते सर्रास तसेच येते. मी त्याला चूक म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे: ‘असून’ हाताशी आला की, लिहिणारा पूर्णविराम विसरतो आणि तीन वाक्यांचा ऐवज एका वाक्यात कोंबतो.

‘करण्यात येते’बद्दल. ‘विनंती’ स्त्रीलिंगी एकवचनी, म्हणून ‘येते’. रूप शुद्ध आहे. पण या रचनेत कर्ता मुद्दाम पडद्याआड ठेवलेला असतो. ‘ग्राहकांना विनंती करण्यात येते’, ‘पालकांना सूचित करण्यात येते’ अशी ती कार्यालयाच्या सूचनांत शोभते, कारण तिथे बोलणारी संस्था असते. तेरा वर्षांची मुलगी आपल्या मुख्याध्यापकांना लिहीत असताना विनंती करणारी व्यक्ती स्पष्ट आहे, तिने ‘करते’ म्हणावे. मुलाने ‘करतो’ म्हणावे. याला व्याकरणाचाही एक बारीक आधार आहे. ‘वरील विषयास अनुसरून’ यातील ‘अनुसरून’ हे ऊन-प्रत्ययाचेच कृदन्त आहे. अनुसरणारा कोण, हे ‘मी विनंती करते’ म्हटल्यावर कळते. ‘करण्यात येते’ म्हटल्यावर त्याला धरायला कर्ता राहत नाही. तरीही कार्यालयीन मराठीत ही जोडी इतकी रुळली आहे की, तिच्यासाठी मी गुण कापणार नाही. नमुन्यांत ‘विषयान्वये’ हा शब्दही दिसतो. ‘अन्वये’ हे कलम, नियम किंवा आदेश यांच्याशी जाते. अर्जाच्या विषयाला ‘अनुसरून’च बरे, आणि ते तुमच्या मुलीने बरोबर लिहिले आहे.

किरकोळ गोष्टी दोन. ‘मध्ये’ हे शब्दयोगी अव्यय आहे, ते मागच्या शब्दाला जोडून लिहावे. तुकडीचे अक्षर मध्ये आले की ते ओढूनताणून दिसते, म्हणून ‘आठवी ‘ब’च्या वर्गात’ असे लिहिणे सोयीचे. आणि ‘कालपासून’ हा शब्द चालू असलेली गोष्ट मागतो, त्यामुळे ‘कालपासून ताप येत असल्यामुळे’ किंवा ‘काल ताप आल्यामुळे’ यांपैकी एक घ्यावे. बोलताना ‘कालपासून ताप आलाय’ असे आपण सगळेच म्हणतो, अर्जात थोडे नेटके करावे एवढेच.

काही नमुन्यांत ‘मला सुट्टी मिळावी’ असेही असते. व्याकरणाने ते बिनचूक आहे, पण अर्जाला ‘रजा’ हाच शब्द नेमका आहे. सुट्टी सगळ्या शाळेला असते: दिवाळीची सुट्टी, रविवारची सुट्टी. रजा एकाने मागायची असते आणि दुसऱ्याने द्यायची असते. हा शब्द मूळ अरबी, आणि मुळात त्याचा अर्थ संमती असा आहे. त्या अर्थाची आठवण ठेवली तर पहिल्या वाक्याचा दोष आपोआप लक्षात येतो: संमती मागण्याचा हा कागद आहे आणि मुलीच्या पहिल्या वाक्यात संमती मागितलेलीच नाही.

आता वाक्य कसे दुरुस्त करावे ते पाहू. सुरुवात ‘विनंती करते की’ अशीच ठेवायची असेल तर ‘की’नंतर रजा आणा आणि ताप कारण म्हणून आत बसवा:

‘महोदय, वरील विषयास अनुसरून आपणास नम्र विनंती करते की, कालपासून ताप येत असल्यामुळे मला दिनांक ८ ते १० जुलै अशी तीन दिवसांची रजा मिळावी.’

येथे मुख्य क्रियापद ‘मिळावी’ आहे, ‘मला’ हा एकच शब्द ताप येण्यालाही पुरतो आणि रजा मिळण्यालाही, आणि ‘येऊ शकत नाही’ची गरजच उरत नाही. उलटून पाहा: ‘मला तीन दिवसांची रजा मिळावी, अशी नम्र विनंती करते.’ सांधा घट्ट बसतो. इयत्ता आणि तुकडी अर्जाच्या शेवटी सहीखाली लिहिलेली असतेच, ती पहिल्या वाक्यात कोंबायचे कारण नाही.

माझी स्वतःची पसंती मात्र दुसऱ्या मांडणीला आहे. तिच्यात माहिती माहितीच्या वाक्यात राहते आणि विनंती शेवटी, आपल्या नैसर्गिक जागी येते:

‘महोदय, मी आपल्या शाळेत आठवी ‘ब’च्या वर्गात शिकते. मला कालपासून ताप येत आहे आणि डॉक्टरांनी तीन दिवस विश्रांती घेण्यास सांगितले आहे. त्यामुळे मी दिनांक ८ ते १० जुलै या काळात शाळेत येऊ शकणार नाही. तरी मला या तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.’

पहिल्या वाक्यात ‘विनंती’ हा शब्द नाही म्हणून अर्ज उद्धट होतो, असे काही पालकांना वाटते. तसे होत नाही. ‘महोदय’, ‘आपल्या’ आणि शेवटची ‘नम्र विनंती’ एवढ्याने अदब पूर्ण होते.

अर्ज तुम्ही पालक म्हणून लिहिणार असाल तर तिसरे वाक्य ‘त्यामुळे ती दिनांक ८ ते १० जुलै या काळात शाळेत येऊ शकणार नाही’ असे करा आणि त्यातला ‘ती’ गाळू नका. शेवटी ‘तरी तिला या तीन दिवसांची रजा मंजूर करावी’ असे लिहा. मुलगी बरी होऊन शाळेत गेल्यावर अर्ज देणार असेल तर ‘येऊ शकणार नाही’च्या जागी ‘येऊ शकली नाही’ येईल, आणि तिने स्वतः लिहिला तर ‘मी येऊ शकले नाही’.